बाल्कनीची चीर वरच का पडते?

पुण्याजवळ एका चार मजली इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीच्या स्लॅबला वरच्या अंगाने, दाराच्या बीमला समांतर अशी लांबच लांब चीर गेली. साइट इंजिनिअर म्हणून मी कॉन्ट्रॅक्टरांना एक पत्र लिहिलं, तेच खाली देत आहे. बाल्कनीत राहणाऱ्या, उभं राहणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून ते इथे छापायला दिलं. नावं काढली आहेत. मजकूर तोच आहे.

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "साहेब, केसाएवढी चीर आहे. सिमेंटचं पाणी भरतो आणि वर टाइल्स बसवून टाकतो, दिसणारसुद्धा नाही." तुम्ही तीन कारणंही सांगितलीत. या वेळचं सिमेंट गरम होतं, ऊन कडक होतं आणि मजुरांनी पाणी कमी मारलं. यातली दोन कारणं थोडीफार खरी आहेत. पण चीर पडण्याचं मूळ कारण वेगळं आहे. ते समजून न घेता टाइल्स बसवल्या, तर आपण दुखणं झाकून ठेवू आणि ते आतल्या आत वाढत राहील. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खोलीच्या स्लॅबपासून सुरुवात करू. तो चारही बाजूंनी बीमवर टेकलेला असतो. वजन आलं की मधोमध खाली वाकतो, त्यामुळे त्याचा तळ ताणला जातो आणि वरचा भाग दाबला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून आपण ताणाच्या जागी, म्हणजे तळाला, सळ्या घालतो. तुमच्या माणसांच्या हाताला हीच सवय आहे, कारण कामातला बहुतेक स्लॅब खोल्यांचाच असतो.

बाल्कनीचं सगळं उलटं आहे. ती फक्त एका बाजूला, बीममध्ये रोवलेली असते. बाहेरचं टोक अधांतरी असतं आणि वजनाने ते खाली जायला बघतं. पोरांचा लांबट खोडरबर एका टोकाला चिमटीत घट्ट धरा, त्याच्या वरच्या अंगाला चिमटीजवळ ब्लेडने बारीक काप द्या आणि मोकळं टोक बोटाने खाली दाबा. काप लगेच तोंड उघडेल. तसाच काप खालच्या अंगाला दिला असता तर तो मिटला असता. बाल्कनीचा स्लॅब असाच वरून ताणला जातो, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो चिमटीजवळ, म्हणजे बीमच्या तोंडाशी. म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात, आणि म्हणूनच चीर पडली तर ती वर, बीमला समांतर आणि बीमलगतच पडते. आपल्या बाल्कनीत ती अगदी याच जागी आहे. तीन मीटर लांबीच्या बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे, वर रुंद आहे आणि खोल जाताना निमुळती होत जाते. चीर मोजायच्या पट्टीवर तिची रुंदी अर्धा मिलिमीटर भरली. आयएस 456 सर्वसाधारण बांधकामात 0.3 मिलिमीटरपर्यंतची चीर चालवून घेतं. सतत ओल लागणाऱ्या भागात ती मर्यादा 0.2 आहे.

आता तुमच्या कारणांकडे येतो. उन्हाने, वाऱ्याने पृष्ठभाग लवकर सुकला तरी चिरा पडतात, हे बरोबर आहे. पण त्या काँक्रीट टाकल्यावर काही तासांतच उमटतात. त्या वेड्यावाकड्या किंवा तिरप्या असतात, सगळ्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात आणि त्यांना बीम कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. काँक्रीट बसताना सळईच्या डोक्यावर चीर पडते, तीही वेगळी ओळखू येते. ती सळईच्या रेषेतच जाते, म्हणजे बाल्कनीत बीमकडून कठड्याकडे. आपली चीर त्याला बरोबर काटकोनात आहे. शिवाय ती पहिल्या दिवशी नव्हती. टेकू काढल्यानंतर आणि विटा चढवल्यानंतर दिसली. ज्या चिरेची जागा, दिशा आणि वेळ या तिन्ही गोष्टी वजनाशी जुळतात, ती चीर वाकण्याचीच असते.

तर मग वर सळ्या असूनही चीर का पडली? परवा आपण दोघांनी मिळून चिरेजवळ एक हातभर पट्टा फोडून पाहिला. ड्रॉइंगमध्ये स्लॅबची जाडी 150 मिलिमीटर आहे. 10 मिलिमीटरच्या सळ्या 200 मिलिमीटरवर, वरून 30 मिलिमीटर कव्हर ठेवून दाखवल्या आहेत. फोडल्यावर सळई सापडली ती वरून 75 मिलिमीटरवर. म्हणजे ती 45 मिलिमीटर खाली बसली होती, स्लॅबच्या जवळजवळ मधोमध. काँक्रीट टाकायच्या दिवशी सकाळी आपण सळ्या तपासल्या तेव्हा त्या जागेवर होत्या. त्या खाली गेल्या त्या काँक्रीट पडत असताना.

हे कसं घडतं ते मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या तीन बाल्कन्यांत तेच घडू शकतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आपली बाल्कनी खोलीपेक्षा 50 मिलिमीटर खाली आहे. सपाट स्लॅब असता तर बाहेर जाणाऱ्या सळ्या बीमच्या वरच्या बारवर आपोआप टेकल्या असत्या. इथे त्या बीमच्या रिंगांमधून, खालच्या पातळीवर बाहेर येतात, त्यामुळे बीमचा आधार त्यांना मिळत नाही. त्यांना वर धरून ठेवतात त्या फक्त खुर्च्या. आपल्याकडे खुर्च्या होत्या, पण 8 मिलिमीटरच्या सळईच्या, आणि दोन खुर्च्यांमधलं अंतर दीड मीटर. घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून ये-जा करत होती. व्हायब्रेटरवाला बीमच्या तोंडाशी जाळीवरच उभा होता. खुर्च्या आडव्या झाल्या आणि जाळी दबली. वरून काँक्रीट पडलं आणि सगळं झाकलं गेलं.

अण्णा, 45 मिलिमीटरने एवढं काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. सळई तीच, सिमेंट तेच. म्हणून साधा हिशेब मांडतो. बाल्कनीचा एक मीटर रुंदीचा पट्टा घ्या. तो बीमपासून 1.2 मीटर बाहेर आहे. स्लॅबचं स्वतःचं वजन 450 किलो. ते सरासरी 0.6 मीटर लांबून खाली ओढतं, म्हणून किलो गुणिले मीटर या हिशेबात वाकवणारा जोर झाला 270. टाइल्स आणि त्याखालचा माल यांचे 90. माणसं आणि सामान यांसाठी बाल्कनीला चौरस मीटरला 300 किलो धरावे लागतात, त्याचे सुमारे 215. आणि साडेचार इंची विटांचा, मीटरभर उंचीचा, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेला कठडा. त्याचं वजन मीटरला सुमारे 300 किलोच आहे, पण तो अगदी टोकावर बसतो, म्हणून त्याचा जोर 340 होतो. साडेचारशे किलोच्या स्लॅबपेक्षा तीनशे किलोचा कठडा बीमच्या तोंडाला जास्त ताण देतो, कारण बाल्कनीत वजन किती यापेक्षा ते किती लांब आहे याला किंमत असते. एकूण जोर झाला सुमारे 920. नियमाप्रमाणे दीडपट धरून स्लॅबची ताकद किमान 1,380 हवी.

ही ताकद येते कुठून? वर सळई ओढून धरते आणि तळाचं काँक्रीट दाब घेतं. या दोघांमधलं उभं अंतर जितकं जास्त, तितकी पकड मोठी. ड्रॉइंगप्रमाणे ते अंतर सुमारे 107 मिलिमीटर येतं आणि ताकद 1,830 भरते, म्हणजे गरजेपेक्षा बरीच जास्त. सळई 45 मिलिमीटर खाली गेल्यावर हे अंतर उरतं 62, आणि ताकद उतरते 1,060 वर. एक किलोही लोखंड कमी न करता चाळीस टक्के ताकद गेली. 920 पेक्षा ती अजून थोडी जास्त आहे, म्हणून बाल्कनी आज उभी आहे. पण चुकीला, गर्दीला, जुनेपणाला जी सवड ठेवायची असते, ती जवळपास सगळी संपली आहे.

तुम्ही म्हणालात की खबरदारी म्हणून तळाला चार सळ्या जास्तीच्या टाकल्या होत्या. हेतू चांगला होता, पण तळाचा भाग इथे दाबला जातो. तिथल्या सळ्या वरचा ताण घेऊ शकत नाहीत. बाल्कनीत खाली कितीही लोखंड घातलं तरी वरच्या चुकीची भरपाई होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सळई खाली गेलेली बाल्कनी लगेच बोलत नाही. काँक्रीटलाही ताण सोसायची थोडी शक्ती असते. जोवर ते तडकलेलं नाही, तोवर बराचसा भार तेच घेतं आणि सळई जवळजवळ रिकामी बसून असते. त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी काँक्रीट तडकतं, त्या दिवशी तो सगळा ताण एकदम सळईवर येतो, आणि सळई योग्य जागी आहे की नाही हे तेव्हाच कळतं. योग्य जागी असेल तर चीर केसाएवढी राहते. खाली असेल तर ती रुंदावते आणि टोक झुकतं.

आपल्याकडे तो दिवस लवकर आला, कारण दहाव्या दिवशी टेकू निघाले आणि कठड्यासाठी आणलेल्या विटा बाहेरच्या अर्ध्या भागात कमरेइतक्या रचल्या गेल्या. मीटरभर लांबीत ते सुमारे 900 किलो होतात. स्लॅबचं वजन धरून वाकवणारा जोर 1,080 च्या आसपास गेला. माणसांनी भरलेल्या पुऱ्या बाल्कनीपेक्षाही हे जास्त आहे, आणि तेही कोवळ्या काँक्रीटवर, ज्याला पाणीही नीट मिळालेलं नव्हतं. पाणी कमी मारलं हे तुमचं कारण इथे खरं ठरतं. त्याने काँक्रीट अशक्त राहिलं आणि चीर लवकर पडली. पण ती अर्धा मिलिमीटर उघडी राहिली ती सळईच्या जागेमुळे. विटा उतरवल्यावरही ती मिटलेली नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे.

म्हणून सिमेंटचं पाणी भरून भागणार नाही. चीर बुजेल, पण सळई वर येणार नाही. इपॉक्सीचं इंजेक्शन हा चांगला उपाय आहे, मात्र तो सळई जागेवर असेल आणि चीर वाढायची थांबली असेल तरच. नाही तर भरलेल्या चिरेच्या शेजारी दुसरी चीर पडते. आणि टाइल्सखाली झाकलं तर पुढे काय होतं तेही सांगतो. बाल्कनीत पावसाचं पाणी पडतं, धुण्याचं पाणी सांडतं. वरची चीर म्हणजे त्या पाण्याला थेट सळईपर्यंत नेणारी वाट. सळई गंजायला लागते, आणि नेमकी त्याच रेषेवर जिथे तिच्यावर सगळ्यात जास्त ताण आहे. खोलीच्या स्लॅबमध्ये एक जागा कमजोर झाली तर भार आजूबाजूला सरकतो, स्लॅब झोळ देतो, माणसांना सावध व्हायला वेळ मिळतो. बाल्कनीला दुसरा आधारच नाही. बीमच्या तोंडाची पकड सुटली की ती तिथून मोडते, आणि फारसा इशारा देत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर नावाचं घर आहे. त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या अशाच अधांतरी बाहेर काढल्या आहेत. मुख्य मजल्याची सेंटरिंग काढली तेव्हाच टोक सुमारे 44 मिलिमीटर खाली आलं आणि कठड्यांना चिरा गेल्या. वरच्या अंगाचं लोखंड पुरेसं नव्हतं. चिरा पुन्हा पुन्हा बुजवल्या, पण टोक झुकत राहिलं. साठेक वर्षांत ते सुमारे सात इंच खाली आलं. शेवटी 1997 मध्ये खाली टेकू लावावे लागले आणि 2002 मध्ये पोलादी केबल ओढून ते बांधकाम सावरलं. सततच्या वजनाखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, म्हणून अशा जागी चीर बुजवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आपल्या बाल्कनीचं काय करायचं हे आरसीसी कन्सल्टंटनी ठरवून दिलं आहे. आज लगेच खाली टेकू लावायचे. पहिल्या मजल्याची बाल्कनीही नवीच आहे, म्हणून तिच्यावर भार न देता तिच्याखालीही टेकू घेत थेट जमिनीपर्यंत न्यायचे. मग बाल्कनीचं काँक्रीट बीमच्या तोंडापर्यंत हलक्या हाताने फोडायचं. सळ्या कापायच्या नाहीत, वाकवायच्या नाहीत. मोकळ्या झाल्यावर बीममधून बाहेर येतात तिथपासून त्यांची पातळी तपासायची. जिथे त्या आतच खाली बसल्या असतील, तिथे नव्या सळ्या कुठे आणि किती रोवायच्या ते कन्सल्टंट प्रत्यक्ष पाहून सांगतील. जुन्या काँक्रीटचं तोंड खडबडीत करून, धुऊन, मगच नवा माल टाकायचा. खर्च होणार आहे, हे मला कळतं. पण टाइल्स, कठडा आणि लोकांची घरं झाल्यावर हेच काम करायचं तर खर्च कितीतरी पटींनी वाढेल.

सोमवारी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे. त्याआधी बाल्कनीपुरत्या या गोष्टी झालेल्या हव्यात. खुर्च्या 12 मिलिमीटर सळईच्या, मीटरपेक्षा कमी अंतरावर, आणि बीमच्या तोंडाशी एक सलग रांग. बाहेरच्या सळ्या बीम ओलांडताना वर चढून खोलीच्या स्लॅबच्या वरच्या थरात 1.8 मीटर आत जायला हव्यात, म्हणजे बाहेर जेवढ्या आहेत त्याच्या दीडपट. त्या आखूड पडल्या तर सळई तुटायच्या आधीच सुटून येईल. चालायला फळ्या टाकायच्या, आणि त्या फळ्या जाळीवर न टेकवता वेगळ्या घोड्यांवर ठेवायच्या. काँक्रीट चालू असताना फिटरचा एक माणूस फक्त बाल्कनीपाशी उभा राहील. दबलेली सळई आकड्याने वर ओढून घेणं, एवढंच त्याचं काम. माल ओला असतानाच मी एक खूण केलेली तार खुपसून सळई किती खोल आहे ते ठिकठिकाणी तपासणार आहे. त्या वेळी सापडलेली चूक दोन मिनिटांत सुधारता येते.

पाणी किमान दहा दिवस आळी बांधून साठवून ठेवायचं. टेकू माझ्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत. क्यूबचा निकाल पाहिल्यावरच मी ती देईन. काढताना सुरुवात बाहेरच्या टोकाकडून करायची आणि बीमकडे यायचं. बीमकडचे टेकू आधी निघाले आणि टोकाचे राहिले, तर स्लॅब दोन्हीकडे टेकल्यासारखा होतो आणि ताण अशा जागी येतो जिथे आपण लोखंडच ठेवलेलं नाही. विटा, वाळू, सिमेंटच्या गोण्या बाल्कनीत ठेवायच्या नाहीत, मग टेकू असोत वा नसोत.

फ्लॅटचे मालक चिरेबद्दल विचारतील, तेव्हा त्यांच्यापासून काही लपवू नका. त्यांना ओळखायची खूणही सांगा. राहायला आल्यावर बाल्कनीच्या फरशीत दाराला समांतर, भिंतीलगत चीर दिसली, कठडा आणि घराची भिंत यांच्या सांध्यात वर रुंद आणि खाली अरुंद अशी फट पडली, पाणी उताराच्या जाळीकडे न जाता बाहेरच्या कडेला साचू लागलं किंवा छताच्या बाजूने बीमलगत ओलीची रेघ उमटली, तर आधी सामान आणि माणसं बाल्कनीतून आत घ्यावीत आणि मग इंजिनिअरला बोलवावं. पुढे बाल्कनी बंद करून विटांची भिंत उंच चढवणं, कडेला मातीने भरलेल्या जड कुंड्या मांडणं, टाइल्सवर पुन्हा टाइल्स बसवणं हे सगळं त्याच टोकावर वजन वाढवतं, जिथे ते सगळ्यात महाग पडतं. कठड्याचा हिशेब वर दिला आहे, तो त्यांना दाखवा.

सोमवारी सकाळी सात वाजता मी बाल्कनीपाशी असेन. फिटर आणि मुकादम दोघांनाही तिथे बोलवा. जाळी आणि खुर्च्या पाहून झाल्यावरच मिक्सर चालू करू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
साइट इंजिनिअर